सरळ रेषेतली घंटी

भीमराज गुरुजींनी छत्तीस वर्षं गणित शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर एका वायरीच्या तुकड्याने त्यांचं नाक कापलं.

झालं असं. घाटंजीपासून नऊ कोसांवरच्या त्यांच्या गल्लीत एकेकाळी बारा घरं नांदती होती. कापसाचं गणित बिघडलं तशी एकेका दाराला कुलपं लागली. कोणी पुण्याला गेलं, कोणी सुरतेला. उरली ती दोन घरं, पाठीला पाठ लावलेली: एक गुरुजींचं आणि एक सत्यभामाबाईचं. ती मजुरीवर जाणारी विधवा. गुरुजींची बायको जाऊन सोळा वर्षं झाली होती, लेक ममता नागपूरला. माणसाला एकटेपणाची सवय होते म्हणतात. गुरुजींना झाली नव्हती, आणि ते कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

दिवाळीनंतर एकदा ते खोलीत घसरून पडले आणि दुपारपर्यंत तिथेच पडून राहिले. हाका मारून घसा बसला. सत्यभामाबाई वेचणीला गेलेली. संध्याकाळी ती म्हणाली, "गुरुजी, मी घरी असती तरी मले आयकू आलं नसतं. भित नऊ इंची हाय."

तेव्हा गुरुजींनी घंटी बसवायचं ठरवलं. सेलवर चालणारी, कारण वीज दिवसाचे बारा तास नसायची. बटन पलंगाजवळच्या कोपऱ्यात, अगदी जमिनीलगत, म्हणजे पडल्या पडल्या हात पोचेल. घंटी सत्यभामाबाईकडे. मधल्या भिंतीला एकच भोक होतं, गवंड्याने परांचीसाठी ठेवलेलं, खोलीच्या बरोबर विरुद्ध कोपऱ्यात, स्लॅबला चिकटून. सत्यभामाबाईचं घर चढावर, म्हणून तेच भोक तिच्या खोलीत जमिनीपासून जेमतेम गुडघ्याइतक्या उंचीवर निघायचं. पलंग तिकडे सरकवावा, तर तिथे बटईने, म्हणजे वाट्याने कसायला दिलेल्या वावरातला कापूस छातीइतका रचलेला. भाव येईल म्हणून ठेवलेला, आणि भाव काही येत नव्हता.

खोली बारा फूट लांब, नऊ फूट रुंद, आठ फूट उंच. गुरुजींनी चिठ्ठीवर मांडलं: बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस, नवाचा एक्याऐंशी, आठाचा चौसष्ट. बेरीज दोनशे एकोणनव्वद, वर्गमूळ सतरा. वर दोन फूट सैल. 'एकोणीस फूट वायर आणणे', असं लिहून त्यांनी देवराव वायरमनकडे निरोप धाडला.

देवराव आला, हातोडी काढली, कोपऱ्याकडे पाहिलं आणि हसायला लागला. गुरुजींच्या हाताखाली सातवीत दोनदा नापास झालेला माणूस तो. असा दिवस त्याला पुन्हा कुठे मिळणार?

"गुरुजी, वायर हवेतून न्यायची काय? सतरा फूट तं मधातून होते. चिमणी जाईन तशी. वायरले भित लागते."

गुरुजींचे कान लाल झाले. इष्टिकाचितीचा विकर्ण त्यांनी पिढ्यांकडून घोकवून घेतला होता. तो खोलीच्या पोटातून जातो आणि वायर खोलीच्या अंगावरून, एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानातून निसटली होती.

"मग किती लागते?"

"कोपऱ्या-कोपऱ्यानं नेली तं बारा, नऊ न् आठ. एकोणतीस. मी अंदाजानं तेवीस आणली, माह्यापाशी हाय तेवढीच. न् उद्या मी चाललो हैदराबादले, बिल्डिंगीच्या कामावर. कापसाच्या जिनिंगा बंद पडल्या, वायरमनले इथं कोन इचारते? होळीलेच येईन आता."

होळीपर्यंत चार महिने. गुरुजींना ती दुपार आठवली.

"थांब जरा," ते म्हणाले. औषधाचं रिकामं खोकं घेतलं, कडांनी फाडलं आणि चटईवर सपाट पसरलं. "हे पाह्य. भिंती उलगडल्या की कोपरा ते कोपरा सरळ रेघ मारता येते. सरळ रेघेहून आखूड काही नाही."

पण उलगडायच्या तऱ्हा तीन. लांब भिंत आणि आखूड भिंत शेजारी ठेवली, तर एकवीस आणि आठ: साडेबावीस फुटांच्या आसपास. आखूड भिंत आणि छत, तर वीस आणि नऊ: जवळजवळ बावीस. लांब भिंत आणि छत, तर बारा आणि सतरा. बाराचा वर्ग, सतराचा वर्ग, बेरीज चारशे तेहेतीस. वीस फूट दहा इंच.

"दोन फूट दोन इंच उरते. तुले किती पायजे?"

देवरावने बोटं मोजली. "भितीचे नऊ इंच, दोन्ही टोकाले अर्धा-अर्धा फूट. पावनेदोन." मग तोंड वाकडं केलं. "पन गुरुजी, भितीवर तिरपी वायर कोनी नेते काय? उद्या कोनी खिळा ठोकला तं?"

"माह्या घरात खिळा ठोकाले कोन येऊन राह्यलं?"

गुरुजींनी लांब भिंतीच्या वरच्या कडेवर, पलंगाच्या बाजूने पाच फूट आठ इंचांवर खूण केली. रेघ भिंतीवरून छतावर तिथेच चढणार होती. सुतळी ताणून देवरावने क्लिपा ठोकल्या. वायर पुरली, वर पाच इंच उरली. भिंतीपलीकडे घंटी खणखणली आणि सत्यभामाबाई पदराला हात पुसत धावत आली.

नियम तिनेच घातला. "रोज सकाळी उठले की एकदा वाजवजा. मी बत्त्यानं भित ठोकीन, दोनदा. म्हंजे समजलं."

तसं सुरू झालं. सकाळी सहाला घंटी, मग भिंतीवर ठकठक. गुरुजी आता पाचलाच जागे होऊन सहाची वाट पाहत.

पौषातल्या एका सकाळी ठकठक आली नाही. त्यांनी पुन्हा वाजवली. तिसऱ्यांदा वाजवली. सेल उतरले असतील, असं वाटलं. मग राग आला: गेली असेल कामावर, म्हाताऱ्याला कशाला कोण सांगतं! रुसून बसले. भाकरही गोड लागली नाही. दुपारी राहवेना, म्हणून काठी टेकत गल्लीला वळसा घालून तिच्या दाराशी गेले. दार लोटलेलंच होतं.

ती जमिनीवर पडलेली. अंग भट्टीसारखं तापलेलं.

"सत्यभामाबाई, घंटी आयकू आली नाही काय?"

"आली नं," ती कशीबशी म्हणाली. "तीनदा वाजवली. मोजली मी. पन माह्यापाशी कुठं बटन हाय, गुरुजी?"

तिला घाटंजीच्या दवाखान्यात नेईपर्यंत, सलाईन लागेपर्यंत आणि परतीच्या वाटेवरही ते वाक्य गुरुजींच्या डोक्यातून गेलं नाही. इकडून तिकडे जेवढी लांबी, तिकडून इकडे तेवढीच, हे ते डोळे मिटून सांगू शकत होते. तिकडे कोण आहे आणि त्या माणसाला कधी काय लागेल, हे मात्र त्यांनी एकदाही मांडलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

पाचव्या दिवशी ती घरी आली. गुरुजींनी पेचकस घेतला. तिच्याकडचे दोन स्क्रू काढून घंटी आणि सेल सोडवले, आपल्याकडचं बटन सोडवलं, आणि अदलाबदल केली. वायरीला हात लावायची गरज पडली नाही.

"न् तुमी पडले तं?"

"सकाळी तुमी वाजवा, मी ठोकतो. नाही ठोकलं तं या."

दुसऱ्या दिवशी ते चारलाच उठून बसले. सहा वाजता पलंगाशेजारी घंटी खणखणली. काठी हातात होती, भिंत ठोकायची होती. गुरुजी बसून राहिले. घंटी पुन्हा वाजली. मग तिसऱ्यांदा. थोड्या वेळाने सत्यभामाबाई अनवाणी, धापा टाकत दारात उभी.

"गुरुजी! ठोकलं काहून नाही?"

गुरुजींचे डोळे भरून आले होते आणि लपवताही येत नव्हते.

"आयकत बसलो होतो," ते म्हणाले. "सोळा वर्षांत या घरात मले कोनी बोलावलं नव्हतं."