मगरीचा डावा खांदा

शपथेवर सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक अक्षर जरी खोटं निघालं तरी माझे उरलेसुरले दात आत्ताच्या आत्ता या चहाच्या बशीत गळून पडतील. बघा, पडले नाहीत. मग ऐका आता गुमान.

माझा मुलगा पोहायला शिकवतो. तरुणपणी तो असा पोहायचा की तलावातलं पाणी त्याला घाबरून कडेला सरकायचं. लोक त्याला ‘मगर’ म्हणायचे. आवाज तर असा, की त्याने काठावरून हाक मारली की तलावाचा पंपसुद्धा दोन ठोके चुकायचा. हसू नका. पंपवाल्याला विचारा, तो अजून जिवंत आहे.

आणि माझ्या मुलीची मुलगी, आमची चिंगळी, त्याच्याच हाताखाली तयार झालेली. घरात ती त्याला ‘मामा’ म्हणायची आणि तलावावर ‘सर’. हा नियम त्यानेच घातलेला. “काठावर नातं नाही,” म्हणायचा. संध्याकाळी मी तिच्याबरोबर जायची आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तिचा टॉवेल सांभाळायची. क्लोरीनच्या वासाने माझे केस हिरवे झालेत असं शेजारीण म्हणते. तिचा मत्सर, दुसरं काय!

त्या वर्षी मोठी निवड होती. फ्रीस्टाइलला पहिल्या दोघी संघात जाणार होत्या. चिंगळीला आत जायचं होतं, एवढंच. झोपेतसुद्धा तिचे पाय हलायचे.

खांद्याचं कळलं ते मला, तिच्या मामाला नाही. एका सकाळी मी तिची वेणी घालत होते. म्हटलं, “रबर दे गं मागे.” तिने उजवा हात डोक्यावरून फिरवून दिला. रबर होतं डाव्या हाताजवळ.

“डावा हात कुठे गेला तुझा? गहाण टाकलास?”

“काही नाही गं आजी, जरा आखडलाय.”

मग स्वेटर घालताना पाहिलं. आधी डावी बाही खालूनच चढवली, मग डोकं घातलं, मग बाकीचं. चोरासारखं! खांद्याच्या पुढच्या बाजूला बोट लावलं तर पोरगी कळवळली.

“मामाला सांगितलंस?”

“सांगितलं. सर म्हणाले, दुखतंय म्हणजे तयार होतंय.”

घरात बसून ‘सर’ म्हणाली. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

मामाने त्यावर इलाज काय करावा? तिच्या हातांना प्लास्टिकच्या पट्ट्या बांधल्या, त्या वल्ह्यासारख्या असतात ना, पाणी जास्त ओढायला. “खांदा कमजोर आहे, कमावला पाहिजे,” म्हणे. दुखणाऱ्या खांद्यावर आणखी ओझं! आठवड्याभरात तिला उशीवर डाव्या कुशीला झोपता येईना. तेव्हा माझ्या मुलीने भावाला न विचारता तिला फिजिओबाईकडे नेलं, आणि मग त्यालाही फरफटत नेलं.

फिजिओबाई म्हणजे बारीक चणीची, पण बोट असं दाबायची की मेलेला उठून बसेल. तिने चिंगळीला भिंतीला हात टेकून पुढे-मागे व्हायला लावलं आणि आम्हाला पाठीकडून दाखवलं. उजव्या खांद्याचं पातं पाठीला चिकटून बसलेलं. डावं मात्र प्रत्येक वेळी बाहेर यायचं, कोंबडीच्या पंखासारखं.

“हे पातं म्हणजे हाताचा पाया,” ती म्हणाली. “त्याला बरगड्यांशी धरून ठेवणारे स्नायू थकलेत. पाया डगमगला की हात वर नेताना वरच्या हाडाखाली स्नायूंच्या दोऱ्या चेमटतात. ते दुखतंय.”

मग तिने तलावावर येऊन फोन एका पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून पाण्याखालून चित्रण केलं. आम्ही सगळे त्या छोट्याशा पडद्यावर वाकलो. चिंगळीचा डावा हात अंगठा आधी खुपसत पाण्यात शिरत होता आणि डोक्याच्या पुढून आडवा दुसऱ्या बाजूला जात होता. कोपर खाली पडलेलं. श्वास फक्त उजवीकडे. त्यामुळे अंग डाव्या बाजूने उचललंच जात नव्हतं, सगळा भार एकट्या खांद्यावर.

माझा मुलगा खुशीत ओरडला, “अरे, हा तर अगदी माझाच हात! बघ आई, हुबेहूब!”

“हो ना,” फिजिओबाई म्हणाली. “सर, जरा तुमचा डावा हात वर करता?”

त्याने हात उचलला. खांद्याच्या उंचीपर्यंत आला आणि तिथेच अडकला.

“मोटारसायकलवरून पडलो होतो,” तो म्हणाला. “जुनी गोष्ट.”

त्याच्याकडे मोटारसायकल कधीच नव्हती. मी त्याची आई आहे, मला माहीत. पण मी गप्प बसले, आणि गप्प बसणं मला किती जड जातं ते तुम्हाला माहीतच आहे.

मग सुरू झालं चिंगळीचं नवं शिक्षण. पट्ट्या बंद. पोहणं कमी. मामा म्हणाला, “मग फळी धरून नुसते पाय मारू दे.” बाई म्हणाली, “फळी पुढे धरली की हात तसेच डोक्यावर ताणलेले राहतात. हात अंगाशी ठेवून पाय मारायचे.” त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. घरी दाराच्या मुठीला रबरी पट्टा बांधून ती कोपरं मागे ओढायची, खांदे कानांपासून खाली ठेवून. पालथी पडून, अंगठे वर करून दोन्ही हात तिरके उचलायची, अगदी थोडे. भिंतीवर जोर मारताना शेवटी आणखी एकदा ढकलायचं, पाठ जरा गोल करून, म्हणजे पातं बरगड्यांवर फिरतं. मीही बाजूला उभी राहून करायचे. एकदा मी इतक्या जोराने ढकललं की शेजारणीच्या घरातलं घड्याळ पडलं. ती म्हणते मांजरीने पाडलं.

पाण्यात हात खांद्याच्या सरळ रेषेत, बोटं आधी, कोपर वर. श्वास दोन्हीकडे. आधी ती गोगलगायीपेक्षा हळू पोहायची. लहान लहान मुली तिला ओलांडून जायच्या आणि मामा काठावर दात खात उभा असायचा. पण दुखणं उतरत गेलं. एका सकाळी वेणी घालताना रबर डाव्या हाताने मागे आलं. मी वेणी जरा घट्ट ओढली. “आजी!” करून ओरडली कार्टी. मग पोहण्यातला जोरही परत आला. निवडीच्या आधी ती पहिल्यापेक्षा थोडी जलदच पोहत होती, आणि तेही न दुखता.

फक्त फिजिओबाईने एक गोष्ट बजावली होती. “सर, जुनी सवय मेलेली नाही, झोपलीय. दमल्यावर ती उठते. शर्यतीत तुम्ही तुमचं ते ‘लांब’ ओरडू नका.”

कारण मामाचं हे एकच ब्रीद. “लांब! अजून लांब!” वर्षानुवर्षं तो काठावरून तेच ओरडत आलेला. आणि लांब टाकायच्या नादातच हात आडवा जातो, हे आता त्यालाही कळलं होतं. त्याने मान डोलावली. खात्री म्हणून निवडीच्या दिवशी मी त्याला माझ्याजवळ बसवलं आणि त्याच्या तोंडात एक टॉफी कोंबली, दात खिळून बसतील अशी चिकट.

शिट्टी झाली. चिंगळी पाण्यात झेपावली आणि काय सांगू! पहिली फेरी, दुसरी, तिसरी. हात असे सरळ जात होते जणू कोणी फूटपट्टीने रेघा मारतंय. ती दुसरी होती. पहिलीच्या पायांशी आणि तिसरीच्या बरीच पुढे. मी माझ्या लेकाचा हात घट्ट धरला होता.

शेवटच्या फेरीत तिसरी जवळ येऊ लागली. चिंगळी दमलेली दिसत होती, पण आकार सोडत नव्हती. अंतर होतं. पुरलं असतं. मला अजून वाटतं, पुरलं असतं.

तिने श्वासासाठी तोंड आमच्या बाजूला वळवलं आणि त्याच क्षणी हा उभा राहिला. टॉफी तोंडातून उडून पुढच्या रांगेतल्या गृहस्थांच्या टकलावर बसली.

“लांब! लांब टाक! अजून लांब!”

पंपाने दोन ठोके चुकवले. आणि चिंगळीच्या हाताने ऐकलं. तिने नाही हो, हाताने. वर्षानुवर्षं ज्या आवाजावर तो हलला होता, त्या आवाजावर हलला. डोक्यापुढून आडवा गेला, अंगठा आधी. मग पुन्हा. कोपर पडलं. चौथ्या-पाचव्या हाताला तिचं तोंड पाण्यातच वाकडं झालेलं मी बसल्या जागेवरून पाहिलं. भिंत आली तेव्हा ती तिसरी होती.

पाण्यातून बाहेर यायला तिने उजव्याच हाताने शिडी धरली. डावा पोटाशी. तिची आई काठापर्यंत धावली. ती रडली नाही. टॉवेल माझ्याकडून घेतला आणि मामाच्या बाजूने न जाता तलावाला पूर्ण वळसा घालून कपडे बदलायला गेली.

“मी तिला जोर यावा म्हणून...” माझा मुलगा म्हणाला.

“बस खाली,” मी म्हटलं.

संध्याकाळी तो घरी आला. चिंगळी खांद्यावर बर्फाची पिशवी ठेवून बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला, इतका मोठा माणूस. म्हणाला, “चुकलं माझं. माझाच खांदा मी तुला दिला. मला मोटारसायकल कधीच नव्हती.” तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “जाऊ दे मामा.” आणि मग दोघं रडले, आणि मीही.

आता ती दुसऱ्या तलावावर जाते. तिथली बाई काठावर फार बोलत नाही म्हणे. फिजिओबाईकडे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली, भिंत, पट्टा, पालथे हात. परवा माझ्या मुलाच्या खोलीचं दार जरा उघडं होतं. आत तो भिंतीला हात टेकून जोर काढत होता. डावं पातं बाहेर येत होतं, कोंबडीच्या पंखासारखं. मी खोकले तर त्याने हात खिशात घातले.

आता तुम्ही असं बघताय म्हणून सांगते. दात पडले नाहीत ते दात चांगले आहेत म्हणून. पंपाचं खरं आहे, टॉफीचं खरं, घड्याळाचंसुद्धा. टकलाचं तर अगदी खरं. फक्त एक मी मनाचं घातलं. ते जमिनीवर बसणं, ‘चुकलं माझं’ म्हणणं, ‘जाऊ दे मामा’. तो आला, पण दारातच उभा राहिला आणि म्हणाला, “बर्फ वीस मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नकोस.” आणि चिंगळी म्हणाली, “हो सर.”

घरात ती त्याला अजून ‘सर’च म्हणते.