माणूस यावा म्हणून

गिऱ्हाइकांना उत्तरं देणाऱ्या यंत्राला तीनदा काही उमगलं नाही की चॅट आपोआप ताईकडे यायचं. फोन कंपनीच्या मदतकक्षात ती सगळ्यांत जुनी, म्हणून सगळ्यांचीच ताई. आज आलेल्या चॅटमध्ये गिऱ्हाइकानं आधी "कखरटप" लिहिलं होतं, मग "मममलज", मग नुसतेच ठिपके. दर वेळी यंत्र गोडीत म्हणालं होतं, "क्षमा करा, समजलं नाही. पुन्हा लिहाल का?"

'कुणाच्या तरी पोराच्या हातात फोन पडलाय,' ताई चरफडली. तरी तिनं लिहिलं, "नमस्कार, मी माणूस बोलतेय. काय मदत करू?"

"आलात? बरं झालं. मुद्दामच वेडंवाकडं लिहिलं. नीट लिहिलं की ते यंत्रच काम उरकून टाकतं."

ताईचं डोकं फिरलं. "अहो, इथे रांग लागलीय! काम काय ते सांगा."

"बायको गेली. तिचा नंबर बंद करायचाय. कागद पाठवलेत. फक्त ते माणसाच्या हातून व्हावं, एवढंच."

ताई वरमली. तिनं कागद पाहिले, सगळे बरोबर होते. "करू बंद?"

"थांबा. एकदा तिचा नंबर लावून बघतो."

पडद्यावर सूचना उमटली: ग्राहकाचा प्रतिसाद नाही, चॅट संपवायचं? ताईनं यंत्राला एक शिवी हासडली आणि 'नाही' दाबलं.

"स्वयंपाकघरात वाजला," अखेर त्यांनी लिहिलं. "सवयीनं ओरडलो, अगं, तुझा फोन वाजतोय. करा आता बंद."