साडेबाराची पाळी

रखमाजी गोड बोलायला लागला की डिंगोऱ्यातली शहाणी माणसं आधी आपले खिसे चाचपत. भागू मात्र भोळी. भोळी म्हणजे अगदीच खुळी नव्हे, पण दीर हा दीर असतो असं मानणारी. नवरा धर्माजी जाऊन तीन वर्षं झाली होती. लेक लग्न होऊन नारायणगावला गेलेली. एक एकर रान, अर्धी विहीर आणि दोन हात, एवढ्यावर बाई उभी होती. रखमाजीचा डोळा त्या एकरावर होता, हे आख्ख्या गावाला ठाऊक. "तू कशाला राबतीस? मला वाट्यानं दे, घरात बसून खा," असं तो दर सणाला म्हणायचा. भागू म्हणायची, "माझं रान मी कसणार भावजी. तुमच्या बांधावर मजुरीला यायची माझी तयारी नाय." तिचं सगळं मागणं तेवढंच होतं बघा, आपल्या रानात आपण मालकिणीसारखं उभं राहायचं.

यंदा विहिरीवर सोलर पंप बसला. अर्ज रखमाजीच्या नावावर, पंप रखमाजीच्या नावावर. पण विहीर सामायिक, म्हणून पाण्याची पाळी आली. वाडवडलांपासून पाळी तासांवर चालत आलेली. चार तास तुझे, चार तास माझे, संपला विषय. रखमाजीनं पाळी वाटली ती लई मोठ्या मनानं. "सकाळी साडेआठ ते साडेबारा तुझी. गारव्याची वेळ, बाईमाणसाला बरी. साडेबारा ते साडेचार माझी. दुपारचं ऊन मी सोसतो." जाऊबाई साळुबाई शेजारी उभी होती, ती पदरात तोंड घालून हसली. भागूला वाटलं, कौतुकानं हसली.

तिनं फेब्रुवारीत टोमॅटो लावला. मल्चिंग, ठिबक, तारकाठी, सगळं साग्रसंगीत. मार्चअखेर झाडं कमरेला लागली, पिवळ्या फुलांनी भरली. आणि पाण्यानं दगा दिला. साडेआठला बटण दाबावं तर पंप नुसता घुरघुरायचा. पावणेदहापर्यंत पाइपातून धड करंगळीएवढी धार नाही. ठिबकाला दाब मिळेना, शेवटच्या दहा ओळींत थेंब पोचेना. अकरानंतर कुठं जोर धरायचा, तोवर पाळी संपत आलेली. साडेबाराला रखमाजी येऊन व्हॉल्व्ह फिरवायचा, की त्याच्या रानात पाणी असं उसळायचं की पाइप थरथरायचा!

"मोटार तापायला येळ लागतो बाई," रखमाजी म्हणायचा. "आणि सकाळचं ऊन मवाळच. देवानंच तसं केलंय, त्याला तू न् मी काय करणार?"

फुलं गळायला लागली. जी फळं धरली त्यांच्या बुडाशी काळे डाग पडले. जुनं विजेचं कनेक्शन सोलर घेताना सोडलेलं, त्यामुळं दुसरी सोय नाही. शेवटी भागूनं जुन्नरच्या सलीमला फोन लावला. सलीम म्हणजे त्या भागातला सोलरचा फिटर, पंप त्यानंच बसवलेला. माणूस हाताचा कसबी आणि तोंडाचा मऊ. जो समोर असेल त्याच्यासारखं बोलणारा.

तो सव्वानऊला आला. मीटर लावून पाहिलं, वायरी चाचपल्या आणि मान हलवली. "मशीन झकास आहे भागूताई. रोग वेगळा आहे."

"कसला रोग?"

सलीम घुटमळला. इकडंतिकडं पाहिलं. मग तिच्या भाकरीच्या डब्याचं गोल झाकण उचललं आणि पंपाच्या खोलीच्या भिंतीजवळ गेला. सूर्य समोर होता. झाकण त्यानं सूर्याला तोंड करून धरलं, भिंतीवर गोल गरगरीत सावली पडली.

"जेवढी सावली, तेवढं ऊन या झाकणानं धरलं. आता बघा." त्यानं झाकण हळूहळू कलतं केलं. सावली चपटी होत गेली, निम्मी झाली, मग काकडीच्या फोडीएवढी, शेवटी नुसती रेघ. "झाकण तेच, ऊन तेच. पण ते तिरपं झालं की त्याच्या वाट्याला ऊन कमी येतं. पॅनेलचं तस्संच. किरण सरळ अंगावर आले तर पुरी वीज. साठ अंशांनी तिरपे आले तर निम्मी. त्याच्या पुढं तर धडाधड उतरत जाती. आणि पंपाला पाणी वर चढवायलाच ठरावीक जोर लागतो. तेवढी वीज आली नाय तर नुसता घुरघुरतो."

मग त्यानं चार बोटांचा खिळा पॅनेलच्या काचेवर काटकोनात उभा धरला. सावली वीतभराच्या वर गेली. "सूर्य समोरासमोर असता तर सावली खिळ्याच्या बुडातच राहिली असती. हे पॅनेल पश्चिमेला तोंड करून बसलंय. सकाळचा सूर्य त्याच्या डोक्यामागं. सकाळचं ऊन जरा मवाळ असतं हे खरं, पण तुमचं पाणी पळवलं ते या तिरकेपणानं."

"पश्चिमेला कुणी केलं?"

"मी दक्षिणेलाच करत व्हतो. रखमाजीभाऊ म्हणाले, माझ्या झाडाची सावली येती, तिकडं वळव." सलीमनं आजूबाजूला पाहिलं. तिथं झाड नव्हतं. "एका खांबावरची चौकट आहे. खालचे चार बोल्ट ढिले केले की फिरती. तुमी पंचांसमोर एवढंच मागा, चौकट दक्षिणेला करा. सकाळ-दुपार दोघांना सारखं पाणी मिळंल. सूर्य साडेबाराच्या सुमाराला डोक्यावर येतो, तुमची पाळी तिथंच तुटती. लई सरळ हिशोब आहे."

भागूनं झाकण परत डब्यावर दाबून बसवलं. इतके दिवस! इतके दिवस ती स्वतःच्या नशिबाला बोल लावत होती आणि हा बाबा बांधावर बसून तंबाखू मळत होता. "दुपारचं ऊन मी सोसतो" म्हणे! तिच्या अंगाची लाहीलाही झाली. आणि इथं बाईचं चुकलं. चांगल्या माणसाच्या डोक्यात वाईट विचार शिरला की त्याला धड वाईटही करता येत नाही.

"सलीमभाऊ, चौकटीचं नाव काढू नका," ती म्हणाली. "कुणाकडं म्हंजे कुणाकडं नाय. मी पाळी बदलून मागते."

"आणि चौकट?"

"ऱ्हाऊ दे पश्चिमेला. सकाळची करंगळीएवढी धार त्यालाबी बघू दे. त्याचाबी टोमॅटो वाळू दे की! सारखं पाणी कशाला? त्यानं मला सारखं दिलं व्हतं का?"

सलीम म्हणाला, "ताई, असं नका करू. सारखं मागा, सुखात राहाल." पण तिनं ऐकलं नाही. त्यानंही पुन्हा सांगितलं नाही, त्याला ओझरला दुसरं काम होतं.

रविवारी मारुतीच्या पारावर गेणभाऊ पंच म्हणून बसले. गावचे जुनेजाणते, त्यांचा शब्द सगळे मानत. भागूनं पदर सावरला आणि सांगितलं, "मला सकाळी जमत नाय. दुपारची पाळी मला द्या, सकाळची भावजींना."

रखमाजीनं एकदा तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "दिली! घरच्या बाईला नाय म्हणायचं असतं का?"

इतक्या सहजी मिळालं म्हटल्यावर भागूला भीती वाटली ती एकच, हा उद्या उलटेल. म्हणून तिनंच वर पाचर मारून घेतली. "गेणभाऊ, कागदावर घ्या. दोन वर्षं कुणी पाळी बदलून मागायची नाय. मागंल त्यानं आपली पाळी सोडायची." गेणभाऊ म्हणाले, "बघ बाई, विचार कर." ती म्हणाली, "केलाय." कागद झाला, सह्या झाल्या, रखमाजीनं सगळ्यांना चहा पाजला. भागूनं त्या दिवशी तीन वर्षांत पहिल्यांदा स्वतःसाठी गोडाचा शिरा केला.

सोमवारी ती साडेबाराला विहिरीवर गेली. पहिल्या तासाला धार झकास होती. तिनं ओळीओळीतून फिरून ठिबकाची तोंडं पाहिली, सगळीकडं थेंब. मन भरून आलं. दीड वाजून गेला आणि दाब उतरायला लागला. अडीचला शेवटच्या ओळी कोरड्या. साडेतीनला पंप घुरघुरायला लागला. ती धावत पॅनेलपाशी गेली. चौकट पूर्वेला तोंड करून उभी होती. खालचे चार बोल्ट नव्यानं आवळलेले, ग्रीस अजून ओलं.

तिनं तिथूनच सलीमला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, पंप त्यांच्या नावावर आहे. त्यांनी बोलवलं, मी आलो. काल संध्याकाळी फिरवली."

"तुमी त्यांना माझं सांगितलं?"

"त्यांनी इचारलं, भागूला चौकटीचं ठाऊक आहे का. मी खोटं कसं बोलू?"

मंगळवारी ती गेणभाऊंकडं गेली. रडली, भांडली, डब्याचं झाकण भिंतीपुढं धरून सगळं समजावलं. गेणभाऊंना समजलंही. त्यांनी रखमाजीला बोलवलं. तो आला, हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "गेणभाऊ, एवढंच इचारा तिला. पारावर बसली तवा चौकट पश्चिमेला हाय, हे तिला ठाऊक व्हतं का नव्हतं?"

गेणभाऊंनी विचारलं. भागूनं हातातलं झाकण पदराखाली घेतलं.

"ठाऊक व्हतं," रखमाजी म्हणाला. "सलीमला म्हणाली, भावजींचा टोमॅटो वाळू दे. तिच्या तोंडचे शब्द. मी कधी म्हणलो का असं? मी आपला गप राहिलो. आता पाळी तिची, कागद तिचा, अट तिची."

जमलेल्यांपैकी कुणीतरी हसलं. गेणभाऊंनी चष्मा काढून पुसला. "बाई, त्या दिवशी एक शब्द बोलली असतीस, तर मी तिथल्या तिथं दक्षिणेला करायला लावली असती. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

एप्रिलचं ऊन काही कुणाची वाट बघत नाही. वीस दिवसांत शेवटच्या ओळी करपल्या, मग मधल्या. पुढच्या ओळींवरची फळं बुडाशी काळी पडून गळाली. बांधापलीकडं रखमाजीचे क्रेट भरून टेम्पोत चढत होते. साळुबाईनं एक दिवस घमेलंभर टोमॅटो आणून दारात ठेवले. "खा गं, तुझ्याकडं यंदा नाय ना," म्हणाली आणि थांबून भागूचं तोंड बघून मगच गेली.

मे लागला तशी भागू स्वतःच रखमाजीच्या ओट्यावर गेली. उभ्यानंच म्हणाली, "रान वाट्यानं घ्या भावजी."

रखमाजीनं तिला बसायला सांगितलं नाही. फोन काढला, सलीमला लावला. "सलीम, उद्या ये आणि चौकट दक्षिणेला कर. हां, बरोबर दक्षिणेला. आता दोन्ही रानं आपलीच हायेत, सकाळ-दुपार सारखं पाणी पायजे."

फोन ठेवून तो भागूकडं वळला. "खुरपणीला सोमवारपासून ये. आठला ये, ऊन चढायच्या आत."

भागू म्हणाली, "येते."