तिसरी किल्ली

करार पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला संपत होता आणि घर सोडायचं तर महिनाभर आधी लेखी कळवायला हवं होतं. कळवायला आजचा दिवस शेवटचा. शिवणकाम करणाऱ्या भाडेकरणीने पत्र आठवडाभर पिशवीत घालून फिरवलं होतं, पण खाली एकट्या राहणाऱ्या घरमालकीण मावशींसमोर ते काढायचा धीर होत नव्हता. शेवटी ती दोन प्रती घेऊन जिना उतरली.

"गुडघ्यांमुळे जिना झेपत नाही, मावशी. दोन गल्ल्यांपलीकडे तळमजला मिळालाय."

मावशींनी चष्मा शोधायला मुद्दामच वेळ लावला. मग एकेक ओळ मोठ्याने वाचली. तीस तारखेला सकाळी दहा वाजता दोघींनी मिळून खोल्या पाहायच्या, विजेच्या मीटरचं रीडिंग टिपायचं, खिळ्यांची भोकं आधीच बुजवलेली असतील, दोन किल्ल्या परत.

"दोनच? तीन लिही."

तिसरी किल्ली मावशींच्या स्वतःच्या दाराची होती. मागे त्या न्हाणीघरात पडल्या तेव्हा घराचं दार आतून कुलूपबंद, आणि वरून धावत येऊनही हिला काही करता आलं नव्हतं. तेव्हापासून ती किल्ली हिच्याकडेच असायची.

"ती तुमच्या घराची. करारात कुठे येते?"

"म्हणजे देणार नाहीस?"

"नाही. तिथून यायला पाच मिनिटं लागतील, तेवढं पडून राहायचं."

"मेली आगाऊ," म्हणत मावशींनी एका प्रतीवर 'मिळाले' लिहून, सही करून, खाली आजची तारीख घातली.