अंगठा

सायलीने घाटातल्या, म्हणजे बैलगाड्यांच्या धावपट्टीवरच्या, शर्यतीची रील टाकली आणि दुसऱ्याच सकाळी तळेगाव ढमढेऱ्यातल्या तिच्या स्टुडिओत निमोण्याचे गाडामालक मारुतराव चार माणसं घेऊन घुसले. हातात मोबाईल, त्यावर स्टॉपवॉच.

"आप्पांनी आमच्यावर अन्याव केलाय," ते कडाडले. "पहिला नंबर दिलेल्या सणसवाडीच्या गाड्याला तुझ्याच रीलमधी आमच्यापेक्षा जास्त टाईम लागलाय. मोजून बघ!"

आप्पा म्हणजे सायलीचे वडील, जयसिंगराव. बैलगाड्यांच्या बाऱ्या, म्हणजे एकेका गाड्याच्या दौडी, सुटल्या की शेवटच्या रेघेजवळच्या मचाणावर उभं राहून घड्याळ दाबायचा मान त्यांचा. एकेक गाडा सुटायचा आणि आप्पा माईकवर पुकारतील तो टाईम देवाचा शब्द मानला जायचा. आज मात्र ते स्टुडिओच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होते. घोळ आपल्याच रीलने घातलाय, हे सायलीला समजलं होतं.

"काका, रीलवर टाईम मोजायचा नसतो," ती म्हणाली. "हे बघा."

तिने कॉम्प्युटरवर रीलचा प्रोजेक्ट उघडला. बारीच्या पट्टीवर टाईम रिमॅप, म्हणजे चित्राचा वेग बदलायची सोय, लावलेला होता आणि ग्राफमध्ये रेघ वळणं घेत चढत होती. "रेघ चढी, तिथं गाडा पळवलाय. रेघ जराशीच कलती, तिथं स्लो मोशन. आन् ही सपाट, इथं बैल हवेत थांबवलाय. शो म्हणून केलंय सगळं."

"मंग खरं कुठाय?"

तिने टाईम रिमॅप बंद केला. वेग बदलायला तिने लावलेल्या सगळ्या खुणा, सगळे कीफ्रेम, पुसले गेले, पट्टी आपल्या मूळ लांबीवर आली आणि वेडावाकडा झालेला आवाजही सरळ झाला. निशाण पडलं, बैल उधळले, रेघेवर चाक आलं आणि सणसवाडीकरांनी एकच गिल्ला केला. पट्टीवरचा टाईम आप्पांनी पुकारलेल्या टाईमशी तंतोतंत जुळला. मारुतरावांचा चेहरा पडला. सायलीने श्वास सोडला.

"बरं," ते म्हणाले. "आता आमची बारी लाव."

आणि तिथंच तिचा हात अडकला. निमोण्याचा गाडा नऊ पॉइंटांनी, म्हणजे सेकंदाच्या नऊ शतांशांनी, हरला होता. तिने निशाण पडल्याची फ्रेम धरली, चाक रेघेवर आल्याची धरली. मधला टाईम आप्पांच्या आकड्यापेक्षा वीस पॉइंटांनी कमी भरत होता. म्हणजे जिंकला होता तो निमोण्याचाच गाडा.

टाईम रिमॅप पुन्हा चालू करायचा, शेवटचा कीफ्रेम केसभर उजवीकडे ओढायचा, की बारी तेवढी लांबणार. ग्राफमधली रेघ इतकी कमी कलली असती की यांच्यातल्या कोणाच्या बापाला कळलं नसतं. तिचं बोट माउसवर गेलं.

"सायले," आप्पा कोपऱ्यातून म्हणाले. "काय झालं? गप्प का?"

"काही न्हाई आप्पा."

"मंग जसं हाय तसं दाव. आन् माझा अंगठा दाव."

कॅमेरा मचाणावर त्यांच्या मागेच लावला होता. घड्याळ धरलेला त्यांचा हात फ्रेमच्या कडेला दिसत होता. तिने टाईम रिमॅप चालू केला आणि शेवटचा भाग ताणला. कॅमेऱ्याने सेकंदाला शंभर फ्रेम टिपल्या होत्या, त्यामुळे ताणूनही चित्र अडखळलं नाही. बैलांचे खूर सावकाश उचलले गेले. चाक रेघेवर आलं. तिने ते तिथंच गोठवलं.

आप्पांचा अंगठा बटणाच्या वर, हवेतच होता.

ती पुढे सरकली. चाक रेघ ओलांडून गेलं तरी अंगठा तसाच. मग निमोण्याच्या मोजक्या पोरांची आरोळी उठली, आणि तेव्हा कुठं बटण दाबलं गेलं. सणसवाडीच्या बारीला शेकडो माणसं ऐन रेघेवरच ओरडली होती.

सायलीला आप्पांकडे बघवेना. त्यांचा तिला राग आला होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा. एका घरात राहून तिला काही दिसलं नव्हतं.

"मला रेघ दिसत न्हाई, मारुती," आप्पा म्हणाले. "मागच्या सालापासून. लोकांच्या आवाजावर दाबतोय. तुझ्याकडं माणसं कमी, आवाज उशिरा आला. बक्षीस तुझं हाय. मी आजच कमिटीला सांगतो."

"घरात कुणाला बोल्ला का न्हाई, आप्पा?" सायलीने विचारलं.

"बोल्लो असतो तर मचाणावर कोण चढू देणार व्हतं गं मला?"

ते उठले आणि सवयीने ताठ चालत दाराकडे गेले. मारुतराव जागचे हलले नव्हते. भांडायला आणलेली माणसं भिंतीकडे बघत होती. दारापाशी आप्पांचं पाऊल जरा घुटमळलं, तशी मारुतरावांनी मोबाईल खिशात टाकला, पुढे होऊन त्यांचा दंड धरला आणि हळूच म्हणाले, "आप्पा, पायरी हाय."

आप्पांनी हात झिडकारला नाही.