मेथी कुणाची वाट बघते

"प्रॉब्लेम ना? प्रॉब्लेम मी हा चहा निवायच्या आत लिहितो," आल्हाद म्हणाला.

चहा निवला. त्यावर साय धरली. सायीत माशी पडली. लॅपटॉपवर तोवर एकच वाक्य झालं होतं: 'भारत हा कृषिप्रधान देश आहे.'

तेजस्विनीने मागून वाचलं. "हे गुंतवणूकदाराला पाठवायचंय की सातवीच्या बाईंना?"

आल्हाद आणि तेजस्विनी यांची कंपनी नाशिकजवळच्या मखमलाबादला होती. कंपनी म्हणजे तिथल्या शेतकरी बयाबाईंच्या गोठ्याशेजारची पत्र्याची शेड, शेडमध्ये सोलरवर चालणारी एक छोटी शीतखोली आणि दोन खुर्च्या. त्यांतली एक डुलायची. शेतातून तोडलेली पालेभाजी लगेच या खोलीत गार करायची आणि गारच बाजारात पोचवायची, एवढा साधा बेत. खोली त्यांनी उभी केली होती. आता गार गाडी हवी होती, आणि गाडीसाठी पैसे देणारं कुणीतरी.

ते कुणीतरी म्हणजे पुण्याच्या संपदा मॅडम. शेतीतल्या नव्या कंपन्यांमध्ये त्या पैसे गुंतवायच्या. दोघांची तीस स्लाइडची फाइल त्यांनी न उघडताच परत पाठवली होती आणि फोनवर सांगितलं होतं, "मला फक्त एक परिच्छेद द्या. भाजी का खराब होते, नेमका प्रॉब्लेम काय. मराठीत लिहा. इंग्रजीत सगळ्यांचे प्रॉब्लेम सारखेच दिसतात. आणि आकडा टाकलात तर तो तुम्ही स्वतः मोजलेला हवा."

मॅडम हो म्हणाल्या तर गाडी येणार होती. नाही म्हणाल्या तर तेजस्विनी बंगळूरला जाणार होती. तिकडच्या एका मोठ्या कोल्ड स्टोरेजवाल्यांनी तिला नोकरी देऊ केली होती आणि उत्तरासाठी ते खोळंबले होते.

"मॅडम हो म्हणाल्या तर मी राहते," तिने सांगितलं होतं. मग डुलणारी खुर्ची हाताने थांबवत म्हणाली, "तुला काही म्हणायचं असेल तर तूही म्हण."

आल्हादला पुष्कळ म्हणायचं होतं. कॉलेजात प्रयोगाच्या एकाच टेबलापाशी उभे राहिल्यापासून म्हणायचं होतं. तो म्हणाला, "मॅडम हो म्हणतीलच."

तर दुसरा मसुदा. यात आकडा होता: 'देशातली चाळीस टक्के भाजी ग्राहकापर्यंत पोचण्याआधीच सडते.'

"कुणी मोजली?" तेजस्विनीने विचारलं.

"सगळेच लिहितात."

"सगळ्यांनी मोजली?"

आल्हाद शोधायला बसला. आकडा एका ब्लॉगवर होता. ब्लॉगने तो एका अहवालातून घेतला होता. अहवालवाल्यांनी तो नाशकातल्या एका परिसंवादातून उचलला होता. परिसंवादाची जुनी फाइल सापडली, तेव्हा तळटीपेत लिहिलं होतं: 'एका विद्यार्थ्याच्या सादरीकरणावरून.' विद्यार्थ्याचं नाव आल्हाद होतं.

"तू तेव्हा कुठून आणलास?" तेजस्विनीने विचारलं. हसून हसून ती डुलणाऱ्या खुर्चीवरून पडायच्या बेतात होती.

"गोल आकडा होता. बरा वाटला."

ती अशी हसली की आल्हादला वाटायचं, बंगळूरमध्ये हे हसू ऐकणारे कोण असतील? त्यांना त्याची किंमत कळेल का? तिथे तर ती एसी ऑफिसात हसणार. काचेच्या पलीकडे.

मग त्यांनी मोजायचं ठरवलं. बयाबाईंच्याच रानात मेथी तोडायला आली होती. भर दुपारी तोडणी झाली, जुड्या बांधल्या, रस्त्याकडेला कडुलिंबाखाली ढीग लागला. वर ओलं गोणपाट टाकलं. आता पिकअप येईल, आणखी दोन-चार मळ्यांवरून माल भरेल आणि संध्याकाळच्या लिलावाला मार्केट यार्डात पोचेल, तिथून रात्री मुंबईला. तेजस्विनीने लांब दांडीचा थर्मामीटर ढिगाच्या पोटात खुपसला.

"हात घालून बघ," ती म्हणाली.

आल्हादने हात घातला. आत मेथी गरम होती. ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखी.

"तोडली तरी ती श्वास घेते रे. श्वासाची गरमी होते, ती ढिगातून बाहेर पडत नाही. म्हणून आतली मेथी बाहेरच्या हवेपेक्षा गरम. जितकी गरम, तितका तिचा श्वास जोरात. मग आणखी गरम." तिने थर्मामीटर पुसला. "मुंबईच्या रस्त्याला सगळे शिव्या देतात. पण हिचं निम्मं आयुष्य इथेच, या लिंबाखाली जातं."

त्याचा हात अजून ढिगात होता. तिचाही होता, आकडा पुन्हा बघायला घातलेला. जुड्यांच्या मध्ये कुठेतरी बोटं लागली. दोघांनीही हात काढला नाही.

"काय रे, मेथी चोरताय का?" बांधावरून बयाबाई ओरडल्या.

दोघांनीही हात काढले.

बयाबाई त्या दिवशी रागातच होत्या. सत्यनारायणासाठी आणलेली केळी उन्हाने जास्त पिकू नयेत म्हणून त्यांनी कुणाला न विचारता शीतखोलीत नेऊन ठेवली होती. मेथीच्या चार अंशात केळी पार काळी पडली.

"गार ठेवलं म्हंजे टिकतं, आसं तुम्हीच सांगत व्हता ना?"

"मावशी, केळ्याला इतकी थंडी सोसत नाही," तेजस्विनी म्हणाली. "प्रत्येकाची आपली-आपली थंडी असते. भेंडी, काकडीसुद्धा इतक्या गारव्यात डागाळतात."

"आता गुरुजींना काय सांगू? देवाला सर्दी झाली म्हनून?" बयाबाई म्हणाल्या. मग आल्हादकडे बघून, "आन तू रं? तुला कितीची थंडी सोसती? ही पोरगी बंगळूरला चाललीय म्हनं. तोंडात काय केळं कोंबलंय का?"

आल्हाद आकडे लिहून घेत होता. निदान तसं दाखवत होता.

त्या दिवशी पिकअप उशिरा आला. टायर बसला होता. ढीग लिंबाखाली तसाच राहिला. आल्हाद शेवटपर्यंत त्याच्याजवळ बसून होता आणि उठला तो सरळ लॅपटॉपवर जाऊन बसला. या वेळी कुणी चहा दिला नाही, त्यामुळे निवायचा प्रश्न आला नाही. त्याने लिहिलं:

'तोडलेली मेथी मेलेली नसते. ती श्वास घेत असते आणि वाट बघत असते. मखमलाबादच्या शेतात दुपारी तोडलेल्या मेथीच्या ढिगात आम्ही थर्मामीटर घातला. ढिगाच्या पोटात बाहेरच्या हवेपेक्षा सहा अंश जास्त गरमी होती. भाजी रस्त्यात खराब होते असं सगळे समजतात. आम्हाला दिसलं की ती निघण्याआधीच, तिची वाट बघताना, खराब व्हायला लागते. गाडी येते तेव्हा ती वरून हिरवीच असते, म्हणून कुणाला काही कळत नाही. नुकसान झालेलं असतं, फक्त दिसायचं राहिलेलं असतं. तोडल्या तोडल्या तिला गारवा मिळाला, तर ती कितीतरी दिवस तग धरते. आज तो गारवा तिच्या वाट्याला फार उशिरा येतो, किंवा येतच नाही.'

तेजस्विनीने वाचलं. पुन्हा वाचलं. बाहेर शेळ्या ओरडत होत्या.

"हे मेथीबद्दल आहे ना?" तिने विचारलं.

"हो."

"नक्की?"

"मेथीबद्दलच."

ती स्क्रीनकडे बघत राहिली. "मग एक चूक आहे. 'तिची वाट बघताना' लिहिलंयस. 'गाडीची' हवं."

आल्हादने 'तिची' खोडलं. 'गाडीची' लिहिलं. बोट बटणावरून उचलायला त्याला जरा वेळ लागला.

"आता बरोबर आहे," ती म्हणाली आणि शेळ्यांना हाकलायला बाहेर गेली. शेळ्या तोवर गप्प झाल्या होत्या.

संपदा मॅडमचा फोन आला तेव्हा आल्हादने स्पीकर लावला.

"काय लिहिलंय हो!" मॅडम म्हणाल्या. "ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या अकाउंटंटचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत प्रॉब्लेम इतका स्वच्छ कुणी मांडला नव्हता. वाट बघण्यातच सगळं नासतं! मला शंभर टक्के पटलं."

आल्हादने तेजस्विनीकडे बघितलं. ती खुर्चीची डुलणारी बाजू घट्ट धरून उभी होती.

"तर आम्ही असं ठरवलंय," मॅडम म्हणाल्या, "की सध्या थोडी वाट बघू."

बंगळूरला निघायच्या दिवशी तेजस्विनीने त्याला स्टँडवर येऊ दिलं नाही. "तू आलास की बोलत काही नाहीस, नुसता सामान धरून उभा राहतोस. मला ते बघवत नाही." पुण्यापर्यंत एसटीची ई-शिवाई बस, पुढे विमान. शेडची किल्ली तिने खुर्चीवर ठेवली. खुर्ची डुलली, किल्ली पडली. दोघंही वाकले, डोकी आपटली आणि तेवढ्यात रिक्षा आली.

रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाल्यावर आल्हाद बराच वेळ तिथेच उभा होता. ऊन होतं. मग त्याला एकदम कळलं की आपण लिंबाखालचा ढीग झालोय. तो धावत शीतखोलीत गेला, सकाळीच गार केलेल्या मेथीतली सगळ्यात टवटवीत जुडी उचलली, ती शर्टात खुपसली आणि स्कूटर काढली.

पंचवटी कारंज्याच्या चौकात कुणाची तरी मिरवणूक होती. कुणाची, ते मिरवणुकीतल्यांनाही नीट माहीत नव्हतं. ठक्कर बझारच्या स्टँडवर तो पोचला तेव्हा पुण्याच्या फलाटावर पुढची गाडी लागत होती.

"आधीची?" त्याने कंडक्टरला विचारलं.

"ती मगाशीच गेली की. वेळेवर. रोज नाही जात."

तो बाकावर बसला. शर्टातली मेथी अजून गार होती. तिचा ओलावा छातीला लागत होता. मेथी गरम व्हायला लागली तरी तो उठला नाही. तेवढ्यात फोन वाजला. तेजस्विनी.

"आल्हाद," ती घाईघाईने म्हणाली, "दार उघडं आहे."

इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी तो थांबला होता ते तिने, चालत्या बसमधून, इतक्या सोप्या शब्दांत म्हटलं होतं.

"माझंही," तो म्हणाला. "कायमच उघडं होतं. ती चूक नव्हती गं. 'तिची' असंच लिहायचं होतं मला. तुझी वाट. मेथीचं काही नव्हतं त्यात. म्हणजे मेथीचं होतं, सहा अंश खरेच होते, पण..."

पलीकडे बसने हॉर्न दिला.

"अरे, शीतखोलीचं दार," ती हळूच म्हणाली. "दार उघडं राहिलं की मेसेज माझ्या नंबरवर येतो. तू झोपतोस म्हणून आपण माझाच नंबर टाकला होता."

आल्हादने छातीवरच्या मेथीवर हात ठेवला.

"आणि ते तू आत्ता काय म्हणालास," तिचा आवाज तुटायला लागला, "ते परत एकदा सांग. इथे घाट आहे, नीट ऐकू..."

फोन कट झाला. त्याने लावला. मोहदरीच्या घाटात रेंज नव्हती. परत लावला. नव्हती.

तो मखमलाबादला पोचला तेव्हा दार सताड उघडं होतं. आत बयाबाईंच्या शेळ्या गारव्याला बसल्या होत्या आणि उठायला तयार नव्हत्या. मेथी संपली होती. त्या दिवशीच्या नोंदीत खराब झालेली भाजी शून्य लागली.