दिव्याच्या खालच्या पायऱ्या

सातपूरच्या गाळ्यात मोहिनीने केलेला नवा एलईडी दिवा मंद केला की थरथरायचा. आतली चिप दिवा भराभर चालू-बंद करूनच मंद करते. तो वेग तिने सेकंदाला साठवरून चारशेवर नेला आणि थरथर गेली.

उरल्या उजेड उतरवायच्या पायऱ्या. सारख्या टप्प्यांनी उजेड उतरवला, की वर फरक कळत नाही आणि खाली अंधार एकदम अंगावर येतो. म्हणून तिने खालचे टप्पे बारीक आणि वरचे मोठे केले. तपासायला नेहमीसारखा नवरा बसला. धनराजची नजर नाटकांच्या प्रकाशयोजनेत घडलेली.

दार लावून तिने दिवा उतरवत नेला.

"विझला," तो म्हणाला. "खाली चुकलंय बाई तुझं."

तिने खालच्या टप्प्यांचे आकडे वाढवले. तो पुन्हा म्हणाला, "विझला." दिवा तर तिच्यासमोर निखाऱ्यासारखा तेवत होता. तरी तिने आकडे आणखी वाढवायला घेतले.

"चालूच आहे ना अजून?" त्याने हळूच विचारलं.

"हो."

"दिवाळीपासून अंधुक काही दिसत नाही मला. पहिलेच आकडे ठेव. गिऱ्हाइकांचे डोळे धड आहेत."

तिने पहिले आकडे परत घातले. मग दिवा पुन्हा उतरवत, आता केवढा उजेड उरलाय, ते ती त्याला सांगत राहिली.